निफ्टी फ्युचर्सने पोर्टफोलिओ हेज करायचा, तर लॉट किती लागतील?

या आठवड्याच्या व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून तोच हिशेब इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न असा आहे. तुमच्याकडे काही लाखांचे शेअर्स आहेत. ते विकायचे नाहीत. कदाचित वर्ष पूर्ण व्हायला महिना-दीड महिना बाकी आहे आणि आत्ता विकले तर टॅक्स जास्त बसतो. कदाचित तेच शेअर्स तारण ठेवून तुम्ही धंद्यासाठी लिमिट घेतलंय. पण पुढच्या आठ-दहा दिवसांत बाजार मोठा हलणार, असं दिसतंय. मग शेअर्स न विकता पडझडीपासून बचाव करायचा कसा? आणि त्यासाठी निफ्टी फ्युचर्सचे नेमके किती लॉट विकायचे?

आपल्या जालन्यात ही गोष्ट समजावून सांगायला सोपी आहे. समजा सळईच्या व्यापाऱ्याच्या गोदामात मोठा स्टॉक पडलाय आणि भाव पडण्याची भीती आहे. तो काय करतो? एखाद्या बिल्डरशी आजच्या भावाने पुढच्या महिन्याच्या डिलिव्हरीचा सौदा पक्का करतो. उद्या भाव पडला तर गोदामातल्या मालाची किंमत कमी होते, पण सौदा जुन्याच भावाचा असतो, त्यामुळे भरपाई होते. भाव वाढला तर वरचा फायदा सोडावा लागतो. यालाच हेजिंग म्हणतात.

शेअर्समध्ये एक अडचण असते. तुमच्याकडे दहा वेगवेगळ्या कंपन्या आहेत आणि सौदा करायचाय तो निफ्टीचा, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा. माल एक आणि सौदा दुसऱ्याच मालाचा. मग या दोघांचं माप जुळवायचं कशाने? तर बीटाने.

बीटा म्हणजे काय

निफ्टी १ टक्का हलला की तुमचा शेअर सरासरी किती टक्के हलतो, तो आकडा म्हणजे बीटा. बीटा १.५ असेल तर निफ्टी २ टक्के पडल्यावर शेअर साधारण ३ टक्के पडतो. बीटा ०.६ असेल तर तोच शेअर १.२ टक्केच पडतो. यातला "सरासरी" हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याच्यामुळेच गडबड होते.

अख्ख्या पोर्टफोलिओचा बीटा काढायला प्रत्येक भागाची रक्कम त्याच्या बीटाने गुणायची, सगळी बेरीज करायची आणि एकूण रकमेने भागायचं. आपण २४ लाखांचा पोर्टफोलिओ घेऊ. यातले बीटा मी उदाहरणापुरते धरलेत. तुमच्या शेअर्सचे बीटा तुम्हाला स्वतः काढावे लागतील.

मेटलचे शेअर्स १० लाखांचे, बीटा १.५. गुणाकार १५ लाख.
बँकांचे शेअर्स ९ लाखांचे, बीटा १.२. गुणाकार १०.८ लाख.
साबण-बिस्किटवाल्या एफएमसीजी कंपन्यांचे शेअर्स ५ लाखांचे, बीटा ०.६. गुणाकार ३ लाख.

बेरीज झाली २८.८ लाख. भागिले २४ लाख. पोर्टफोलिओचा बीटा १.२.

आता त्या २८.८ लाखांच्या आकड्याकडे परत बघा. तुमचे शेअर्स २४ लाखांचेच आहेत, पण बाजार हलला की ते २८.८ लाखांच्या निफ्टीसारखे हलतात. म्हणजे बचावही २८.८ लाखांच्या निफ्टीचाच घ्यायला हवा. २४ लाखांचा घेतला तर तो कमी पडेल.

सूत्र

वर सांगितलं तेच आता सूत्रात मांडू:

```
लॉट = (पोर्टफोलिओची किंमत × बीटा) ÷ (फ्युचर्सचा भाव × लॉट साइज)
```

भागाकाराच्या वरची रक्कम सांगते की तुम्हाला किती रुपयांच्या निफ्टीचा बचाव हवा आहे. खालची रक्कम सांगते की एका लॉटमध्ये किती रुपयांचा निफ्टी मिळतो. मोठ्या पोत्यात किती छोटी पोती बसतील, असाच हा हिशेब.

खरा आठवडा: ३१ मे ते ७ जून २०२४

आता हेच खऱ्या आकड्यांवर लावून बघू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल ४ जूनला होता. ३१ मे, शुक्रवारी निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला. त्या वेळी निफ्टीचा लॉट २५ चा होता. मे महिन्याचे सौदे ३० तारखेला संपले होते, म्हणून आपण २७ जूनला संपणारा जूनचा सौदा धरू.

फ्युचर्सचा भाव निर्देशांकापेक्षा थोडा वर किंवा खाली असतो. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे निर्देशांकाचाच बंद भाव वापरतोय.

एका लॉटची किंमत २२,५३०.७० गुणिले २५, म्हणजे साधारण ५ लाख ६३ हजार रुपये. २८.८ लाख भागिले ५.६३ लाख, उत्तर येतं ५.११. अर्धा-पाव लॉट बाजारात मिळत नाही, म्हणून ५ लॉट विकले. एकूण १२५ युनिट. म्हणजे निफ्टी एक पॉइंट पडला की फ्युचर्समध्ये १२५ रुपये जमा आणि एक पॉइंट वाढला की १२५ रुपये वजा.

पुढे काय झालं ते बघा.

शनिवारी, १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी ३ जूनला निफ्टी ७३३.२० पॉइंट उसळून २३,२६३.९० वर बंद झाला, म्हणजे सव्वातीन टक्के वर. बीटा १.२ धरला तर आपल्या पोर्टफोलिओची किंमत सुमारे ९३,७०० रुपयांनी वाढली. फ्युचर्समध्ये ७३३.२० गुणिले १२५, म्हणजे ९१,६५० रुपये तोटा. कागदावर जमा आणि वजा जवळपास सारखंच.

मंगळवारी ४ जूनला निकाल आले आणि निफ्टी एका दिवसात १,३७९.४० पॉइंट पडला. बंद २१,८८४.५०. जवळपास सहा टक्क्यांची घसरण. त्या एका दिवसात फ्युचर्समध्ये १,७२,४२५ रुपये जमा झाले.

३१ मे ते ४ जून एकत्र धरून हिशेब करा. निफ्टी ६४६.२० पॉइंटने खाली, म्हणजे साधारण २.८७ टक्के. बीटाप्रमाणे पोर्टफोलिओचं नुकसान सुमारे ८२,६०० रुपये. फ्युचर्सचा फायदा ६४६.२० गुणिले १२५, म्हणजे ८०,७७५ रुपये. फरक फक्त १,८०० रुपयांच्या आसपास. ५.११ ऐवजी ५ लॉट घेतले म्हणून हा फरक राहिला.

आणि शुक्रवारी ७ जूनला निफ्टी २३,२९०.१५ वर पोचला, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. ३१ मेपासून बघितलं तर पोर्टफोलिओ बीटाप्रमाणे सुमारे ९७,००० रुपयांनी वर आणि फ्युचर्स सुमारे ९५,००० रुपयांनी खाली.

आठवडाभरात बाजार दोन्हीकडे एवढा हलला, पण दोन्ही बाजू मिळून २४ लाख जवळपास तिथल्या तिथे राहिले. हेजचं काम एवढंच आहे. ७ जूनला कोणी म्हणेल, "अरे, हेज केलं नसतं तर ९७ हजार मिळाले असते." बरोबर आहे. पण ४ जूनच्या संध्याकाळी तोच माणूस काय म्हणाला असता, तेही आठवा. कमाई करायची असेल तर हेज हे त्याचं साधन नाही.

रोख पैशाची तयारी

बरेच जण इथेच अडकतात. ३ जूनला कागदावर सगळं बरोबर होतं. शेअर्स ९३,७०० ने वर, फ्युचर्स ९१,६५० ने खाली. पण शेअर्सचा फायदा कागदावर राहतो आणि फ्युचर्सचा तोटा रोज रोखीने भरावा लागतो. याला मार्क टू मार्केट म्हणतात. रोज बाजार बंद झाला की हिशेब होतो आणि वजा रक्कम तुमच्या खात्यातून जाते.

म्हणजे सोमवारच्या व्यवहारासाठी ९१,६५० रुपये रोख हवे होते. तुमचे सगळे पैसे दुकानाच्या मालात किंवा उधारीत अडकले असतील तर ते आणणार कुठून? पैसे भरले नाहीत तर ब्रोकर पोझिशन बंद करतो. सोमवारी संध्याकाळी हेज कापलं गेलं असतं, तर मंगळवारच्या पडझडीत हातात काहीच उरलं नसतं. ९१,६५० चा तोटा पक्का झाला असता आणि वर शेअर्सही पडले असते. हेज न करण्यापेक्षाही वाईट.

सुरुवातीचं मार्जिन वेगळं. निफ्टी फ्युचर्सवर ते साधारणपणे सौद्याच्या किमतीच्या १२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि मोठ्या घटनेच्या काळात वाढतं. ५ लॉटची एकूण किंमत २८ लाखांच्या वर, म्हणजे मार्जिनच सुमारे ३ लाख ४० हजार. यातला काही भाग तुम्ही तेच शेअर्स प्लेज करून भागवू शकता. रोजचा तोटा मात्र रोखीनेच द्यावा लागतो. म्हणून लॉट मोजून झाले की दुसरा हिशेब करा: निफ्टी ५ टक्के वर गेला तर मला किती रोख लागेल? आपल्या उदाहरणात ते उत्तर सुमारे १ लाख ४१ हजार येतं. तेवढी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल तर लॉट कमी करा.

अर्धंच हेज करायचं असेल तर

पूर्ण हेज करायलाच हवं असं काही नाही. थोडी जोखीम ठेवायची असेल तर आधी ठरवा की बीटा १.२ वरून कितीवर आणायचा. समजा ०.५ वर आणायचाय. मग सूत्रात १.२ च्या जागी १.२ वजा ०.५, म्हणजे ०.७ घाला. २४ लाख गुणिले ०.७, म्हणजे १६.८ लाख. भागिले ५.६३ लाख. उत्तर २.९८, म्हणजे ३ लॉट. आता बाजार १० टक्के पडला तर तुमचं नुकसान १२ टक्क्यांऐवजी साधारण ५ टक्क्यांवर थांबेल. वर गेला तरी निम्म्याहून थोडा कमी फायदा हातात राहील, आणि रोखीचा ताणही कमी.

बीटा कधी फसवतो

आता मघाच्या "सरासरी" या शब्दाकडे येऊ. ४ जून २०२४ ला सगळे शेअर्स आपापल्या बीटाप्रमाणे पडले का? नाही. सरकारी बँकांचा निर्देशांक त्या दिवशी सुमारे १५ टक्के पडला, कारण सरकारशी जोडलेल्या कंपन्यांची लोकांना जास्त धास्ती होती. एफएमसीजीचा निर्देशांक मात्र उलट थोडा वर बंद झाला.

आपल्या उदाहरणातले ९ लाखांचे बँक शेअर्स सगळे सरकारी बँकांचे असते तर? बीटा १.२ सांगतो की निफ्टीच्या ५.९३ टक्के घसरणीत ते ७.१ टक्के, म्हणजे सुमारे ६४,००० रुपयांनी पडतील. पण १५ टक्के घसरण म्हणजे १,३५,००० रुपये. मधले ७१,००० रुपये निफ्टीच्या हेजने भरून निघाले नसते. लॉट बरोबर मोजले, सूत्र बरोबर लावलं, तरीही.

याचं कारण समजून घ्या. निफ्टी फ्युचर्स फक्त अख्ख्या बाजाराच्या हालचालीपासून वाचवतं. एका कंपनीची किंवा एका क्षेत्राची वेगळी अडचण त्यात येत नाही. सगळे पैसे एकाच प्रकारच्या शेअर्समध्ये असतील तर बीटा कितीही बारकाईने काढा, हेज अर्धवटच बसेल.

हे आधी कसं ओळखायचं? एक्सेलमध्ये काढता येतं. मागच्या दोन वर्षांचे दर आठवड्याचे बदल टक्क्यांत घ्या. बी कॉलममध्ये तुमच्या पोर्टफोलिओचे, सी कॉलममध्ये निफ्टीचे. मग ही दोन सूत्रं टाका:

```
=SLOPE(B2:B105,C2:C105)
=RSQ(B2:B105,C2:C105)
```

पहिलं उत्तर म्हणजे बीटा. दुसरं उत्तर ० ते १ च्या मध्ये येतं आणि सांगतं की तुमच्या शेअर्सच्या चढ-उतारातला किती भाग निफ्टीमुळे होता. ०.८ आला तर हेज चांगलं बसेल. ०.३ आला तर बीटा १.२ असला तरी त्यावर विसंबू नका, कारण तुमचे शेअर्स मुख्यतः स्वतःच्या कारणांनी हलतात. ज्या छोट्या कंपन्यांचे सौदेच कमी होतात, त्यांच्या बाबतीत हा आकडा हमखास खाली येतो. तिथे निफ्टीच्या लॉटपेक्षा थोडे शेअर्स विकणं सरळ आणि स्वस्त पडतं.

सूत्रातला क्रमही तपासा. आधी तुमचा पोर्टफोलिओ, नंतर निफ्टी. उलटं टाकलं तर भलताच बीटा येतो आणि एक्सेल काही चूक दाखवत नाही.

आता लॉट मोठा झालाय

२०२४ चं उदाहरण जसंच्या तसं आज लावू नका. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला की निर्देशांकाच्या नव्या सौद्याची किंमत किमान १५ लाख असावी. त्यानंतर निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. पुढेही लॉट बदलत राहतो, म्हणून सौदा करायच्या दिवशी एनएसईच्या साइटवर किंवा ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये सौद्याचा तपशील उघडून बघा.

७५ च्या लॉटने आणि निफ्टी २४,००० धरून आपलंच गणित परत करू. एका लॉटची किंमत १८ लाख. २८.८ भागिले १८, उत्तर १.६. आता काय करणार? एक लॉट विकला तर साधारण ६२ टक्केच बचाव होतो. दोन विकले तर गरजेपेक्षा २५ टक्के जास्त होतात. मग बाजार वर गेला की तुम्हाला नक्की तोटा होतो, कारण जादा भागाच्या मागे शेअर्सच नाहीत. तो भाग हेज राहत नाही, बाजार पडेल यावर लावलेली पैज होते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात असं दिसलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. तुम्हाला त्या रांगेत जायचं नाहीये. म्हणून उत्तर मधलं आलं की खालचा पूर्ण आकडा घ्या आणि उरलेली जोखीम आहे हे मान्य करा.

याच हिशेबाने आणखी एक गोष्ट कळते. तुमचा पोर्टफोलिओ ५ लाखांचा आणि बीटा १.२ असेल तर बचाव हवा ६ लाखांचा, आणि लॉट १८ लाखांचा. उत्तर ०.३३. तुमच्यासाठी निफ्टी फ्युचर्सचं हेज नाहीच. तिथे थोडे शेअर्स विकून पैसे बाजूला ठेवणं हाच बचाव.

हेज लावल्यावर

लॉट एकदा मोजले म्हणजे काम संपलं असं नाही. तुम्ही मधे काही शेअर्स विकले तर वरची रक्कम कमी होते आणि लॉटही कमी करायला हवेत. पाच लाखांचे मेटल शेअर्स विकून पाच लॉट तसेच ठेवले, तर परत तीच जादा हेजची गोष्ट. सौदा महिन्याच्या शेवटी संपतो. त्यापुढेही बचाव हवा असेल तर जुना सौदा बंद करून पुढच्या महिन्याचा विकावा लागतो, आणि तेव्हा लॉट नव्याने मोजायचे. फ्युचर्सचा नफा-तोटा आयकरात धंद्याच्या उत्पन्नात धरतात, म्हणून आपल्या सीएला हे आधीच सांगून ठेवा. रिटर्नचा फॉर्म बदलू शकतो.

हा लेख शिकण्यासाठी आहे, कोणताही सौदा करा असा सल्ला नाही. आता एक गणित तुमच्यासाठी. पोर्टफोलिओ ४० लाख, बीटा ०.९, निफ्टी २४,०००, लॉट ७५. किती लॉट? आणि निफ्टी ५ टक्के वर गेला तर रोख किती लागेल? दोन्ही उत्तरं व्हिडिओखाली लिहा. पहिलं एका ओळीत येईल. दुसरं काढल्याशिवाय पहिल्याचा उपयोग नाही, म्हणून दोन्ही लिहा.